कारणे खालून वर, परिणाम वरून खाली

आठवीच्या इतिहासाच्या पुस्तकात ‘महाराष्ट्र राज्याची निर्मिती’ नावाचा पाठ आहे. मुले तो आवडीने वाचतात, कारण त्यात मोर्चे आहेत, सभा आहेत, हुतात्मे आहेत आणि शेवटी १ मे १९६० चा सोहळा आहे. दोन वाचनांनंतर तारखाही बऱ्यापैकी तोंडपाठ होतात. पण तारखा पाठ असलेल्या मुलीला विचारून पाहा: १६ जानेवारी १९५६ ला पंडित नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा का केली? बहुतेक वेळा उत्तर येते, “त्याआधी फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला होता ना, म्हणून.” गोळीबार आधी झाला होता हे खरे, ‘म्हणून’ मात्र तिने स्वतः जोडलेले असते. पाठात एका परिच्छेदाखाली दुसरा परिच्छेद येतो आणि वाचणाऱ्याचे मन वरच्याला कारण व खालच्याला परिणाम ठरवून मोकळे होते.

हा पाठ तक्त्यात मांडायचा तो याच सवयीवर उपाय म्हणून. तारीख, घटना, कारण आणि परिणाम असे चार रकाने, आणि डावीकडे ओळीचा क्रमांक. ए-फोर कागद आडवा धरला तर तारखेला चार सेंटिमीटर, घटनेला सात आणि कारण-परिणामाला आठ-आठ दिले की क्रमांकापुरती जागा बरोबर उरते. कारण आणि परिणाम यांना घटनेपेक्षा जास्त जागा द्यायची, कारण खरे काम तिथेच आहे. तारीख आणि घटना पेनाने लिहाव्यात, कारण आणि परिणाम पेन्सिलने. ते दोन रकाने हमखास खोडावे लागतात.

पहिली अडचण घटना ठरवण्यापासूनच सुरू होते. पाठातले प्रत्येक वाक्य घटना नसते. ‘मराठी भाषकांमध्ये असंतोष पसरला’ हे वाक्य महत्त्वाचे आहे, पण त्याला तारीख नाही आणि ते कोणी केले तेही सांगता येत नाही. घटनेच्या रकान्यात तेच घ्यावे, जे कोणीतरी, कुठेतरी, एका ठरावीक वेळी केले किंवा ज्याला तोंड दिले. १२ मे १९४६ ला बेळगावच्या साहित्य संमेलनात ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना संयुक्त महाराष्ट्राचा ठराव मंजूर झाला, ही घटना. असंतोष हा तिच्या कारणात जाईल किंवा दुसऱ्या एखाद्या घटनेच्या परिणामात. हा नियम कडक पाळला की पाच-सहा पानांच्या पाठातून पंधरा ते वीस ओळी निघतात. चाळीस निघाल्या तर समजावे, की वर्णनाची वाक्येही घटना म्हणून आत आली आहेत.

दुसरी अडचण तारखेची. राज्य पुनर्रचना आयोग कधीचा, असे विचारले तर कोणी १९५३ म्हणतो, कोणी १९५५, तर कोणी १९५६, आणि तिघेही आपापल्या परीने बरोबर असतात. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांचा हा आयोग २९ डिसेंबर १९५३ ला नेमला गेला. त्याने अहवाल सादर केला ३० सप्टेंबर १९५५ ला. लोकांपुढे तो आला १० ऑक्टोबर १९५५ ला. आणि त्यातून निघालेला, पण बराच बदललेला कायदा अमलात आला १ नोव्हेंबर १९५६ ला. आयोगाची एकच ओळ करून तिच्यापुढे ‘१९५३’ लिहिले, की आयोगाच्या शिफारशींवरचा संतापही १९५३ मध्ये जाऊन बसतो आणि पुढची सगळी कारणमीमांसा दोन वर्षांनी सरकते. त्यामुळे अशा वेळी दोन ओळी कराव्या: नेमणुकीची एक आणि अहवाल प्रसिद्ध झाल्याची दुसरी. लोकांची प्रतिक्रिया नेहमी दुसरीला जोडायची, कारण जे वाचले नाही त्यावर कोणी मोर्चा काढत नाही. हेच कायद्यांचे. निर्णय झाल्याचा दिवस आणि तो लागू झाल्याचा दिवस वेगळे असतात. द्वैभाषिक मुंबई राज्याचा निर्णय संसदेत ऑगस्ट १९५६ मध्ये झाला, राज्य आले नोव्हेंबरात, आणि मधल्या तीन महिन्यांत गुजरातमध्ये फार काही घडून गेले. त्याकडे पुढे येऊ.

तारीख आणि घटना हे दोन रकाने आधी वरपासून खालपर्यंत पूर्ण करून घ्यावेत आणि तोवर कारण-परिणामाला हात लावू नये. याला कारण आहे. पाठ काळाच्या क्रमाने चालतो असे आपण गृहीत धरतो, पण पाठ्यपुस्तकाचा पाठ पुष्कळदा विषयांच्या क्रमाने चालतो. घटनांची कथा सांगून झाली की वृत्तपत्रांचा एक परिच्छेद येतो, शाहिरांचा एक, महिलांच्या सहभागाचा एक. आचार्य अत्रे यांच्या दैनिक ‘मराठा’ने चळवळीला बळ दिले, हे वाक्य अशाच परिच्छेदातले. विद्यार्थी ते उचलतो आणि जानेवारी १९५६ च्या उद्रेकाच्या कारणात लिहून टाकतो. आता तारीख लावा. ‘मराठा’ सुरू झाला १५ नोव्हेंबर १९५६ ला, म्हणजे द्वैभाषिक राज्य अस्तित्वात आल्यानंतर दोन आठवड्यांनी. जानेवारीत तो निघतच नव्हता. अत्रे तेव्हाही लिहीत होते, पण ‘नवयुग’ साप्ताहिकातून. ‘मराठा’ कारण म्हणून चालेल ते १९५७ च्या निवडणुकीपासून पुढे, त्याच्या मागे नाही. एका तारखेने एक चुकीचे कारण गळून पडले आणि बरोबरच्या कारणाची जागाही ठरली. विषयवार परिच्छेदांतल्या प्रत्येक गोष्टीला आधी तारीख शोधावी. तारीख मिळाली तर तिला ओळ मिळते. शाहीर अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांच्या कार्यक्रमांसारखी जी गोष्ट वर्षानुवर्षे चालू होती, तिला ओळ देऊ नये. कागदाच्या डाव्या समासात वर्षांना लागून एक उभी रेघ ओढावी आणि तिच्यावर नाव लिहावे.

आता कारणाचा रकाना. तो मी खालून वर भरायला सांगतो आणि परिणामाचा वरून खाली. हा केवळ क्रमाचा हट्ट नाही. वरून खाली येताना आपल्या मनात ‘मग काय झाले’ हा प्रश्न असतो, आणि त्याच वेळी कारणेही भरायला घेतली की प्रत्येक ओळीचे कारण म्हणून लगेच वरची ओळ लिहिली जाते. खालून सुरू केले की प्रश्न बदलतो: हे का झाले? मग डोळा वर जातो आणि कितीही वर जाऊ शकतो.

सुरुवातीच्या त्या मुलीच्या प्रश्नावर हे करून पाहू. ओळ आहे १६ जानेवारी १९५६ ची. एकेक ओळ वर जायचे. २१ नोव्हेंबर १९५५: त्रिराज्य योजनेवर मुंबई विधानसभेत चर्चा व्हायची होती, तिच्या निषेधासाठी कामगारांचा प्रचंड मोर्चा फ्लोरा फाउंटनला आला, गोळीबारात १५ जण गेले. या घटनेमुळे नेहरूंनी मुंबई महाराष्ट्रापासून तोडली असे म्हणता येईल का? गोळीबार झाला तेव्हा मुंबई वेगळी काढण्याची योजना आधीच समोर होती आणि मोर्चाच तिच्याविरुद्ध होता. म्हणजे मोर्चा हा त्या विचाराचा परिणाम ठरतो, त्याचे कारण नाही. आणखी वर जायचे. १० ऑक्टोबर १९५५ चा अहवाल: त्यात मुंबईचे वेगळे राज्य नव्हते, मराठी आणि गुजराती भाषकांचे मिळून एक मुंबई राज्य आणि विदर्भाचे वेगळे राज्य अशी शिफारस होती. इथेही मुंबई तोडण्याचे मूळ सापडत नाही. वर जात जात आपण पोचतो एप्रिल १९४९ ला, जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल आणि पट्टाभि सीतारामय्या यांच्या जेव्हीपी समितीच्या अहवालापाशी. मुंबई शहर महाराष्ट्रात जाऊ नये, असे या समितीने तेव्हाच सांगितले होते. सात वर्षांपूर्वीची ओळ. घोषणेचे बीज तिथे आहे.

म्हणजे १६ जानेवारीच्या चौकटीत दोन क्रमांक येतात. लांबचे कारण म्हणून १९४९ ची ओळ आणि जवळचे कारण म्हणून त्रिराज्य योजना, जी महाराष्ट्र आणि मुंबईतल्या गुजराती-मराठी नेत्यांमध्ये एकमत न झाल्याने पुढे आली. कारण लिहिताना वाक्ये उतरवायची नाहीत, ओळींचे क्रमांक लिहायचे आणि शेजारी चार शब्दांचा दुवा. क्रमांकाचा फायदा असा, की कारण म्हणून तुम्ही जे लिहिता त्याला तक्त्यात तारीख असावीच लागते, आणि ती तारीख परिणामाच्या आधीची असावीच लागते. ‘जनतेचा दबाव’ असे लिहून सुटका होत नाही. कोणता दबाव, कोणत्या ओळीतला?

कारणाची परीक्षा घेण्याचे मला सगळ्यात उपयोगी पडलेले साधन म्हणजे एक साधा प्रश्न: वरची ओळ घडलीच नसती, तर खालची घडली असती का? २१ नोव्हेंबरचा गोळीबार झाला नसता तरी मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा होऊ शकली असती, म्हणून तो कारण नाही. पण १६ जानेवारीची घोषणा झाली नसती, तर ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्याच्या टिळक स्मारक मंदिरात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली असती का? तोवर चळवळीचे नेतृत्व शंकरराव देवांच्या संयुक्त महाराष्ट्र परिषदेकडे होते आणि तिच्यात काँग्रेसची माणसे होती. घोषणेनंतर काँग्रेसजन पक्षाच्या निर्णयाबाहेर जायला तयार नव्हते, आणि १६ जानेवारीनंतरच्या आठवड्यात मुंबईत पुन्हा गोळीबार होऊन माणसे मेली होती. तेव्हा विरोधी पक्षांना स्वतःची संघटना उभारावी लागली: श्रीपाद अमृत डांगे अध्यक्ष, एस. एम. जोशी सरचिटणीस. घोषणा आणि समिती यांच्यात फक्त तीन आठवडे आहेत, आणि त्या तीन आठवड्यांत चळवळीची धुरा एका हातातून दुसऱ्या हातात गेली. असा दुवा ठाम असतो. तो पेन्सिलने लिहून नंतर पेनाने गडद करायला हरकत नाही.

आकड्यांचीही इथे एक गोची आहे. या चळवळीच्या हुतात्म्यांची संख्या कुठे १०५, कुठे १०६, तर कुठे १०७ सांगितली जाते. विद्यार्थी हा आकडा २१ नोव्हेंबर १९५५ च्या चौकटीत लिहितात, कारण स्मारक फ्लोरा फाउंटनला आहे. हा आकडा संपूर्ण चळवळीचा आहे. त्या दिवसाचे १५. एका दिवसाच्या ओळीत साऱ्या वर्षांचा आकडा घातला, की जानेवारी १९५६ मध्ये गेलेली माणसे तक्त्यातून नाहीशी होतात, आणि त्यांच्यामुळेच समितीची स्थापना इतकी झपाट्याने झाली होती. जो आकडा एका घटनेचा नाही, तो घटनेच्या चौकटीत कधीच लिहू नये. तक्त्याच्या तळाशी एक ओळ मोकळी ठेवून तिथे लिहावा.

मधल्या सात ओळी भरून झाल्यावर तक्ता असा दिसतो:

| क्र. | तारीख | घटना | कारण | परिणाम |
|---|---|---|---|---|
| ८ | २९ डिसेंबर १९५३ | राज्य पुनर्रचना आयोगाची नेमणूक | ७ (आंध्र राज्य) | ९ |
| ९ | १० ऑक्टोबर १९५५ | आयोगाचा अहवाल प्रसिद्ध | ८ | मराठी भाषकांचा विरोध, त्रिराज्य योजना पुढे, १० |
| १० | २१ नोव्हेंबर १९५५ | फ्लोरा फाउंटनचा मोर्चा आणि गोळीबार | ९ (त्रिराज्य योजनेची विधानसभेतली चर्चा) | १५ बळी. चळवळ कामगारांत खोल रुजली |
| ११ | १६ जानेवारी १९५६ | मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा | ४ (जेव्हीपी अहवाल), ९ (त्रिराज्य योजना) | पुन्हा गोळीबार, १२, चिंतामणराव देशमुखांचा राजीनामा |
| १२ | ६ फेब्रुवारी १९५६ | संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना | ११ | चळवळ विरोधी पक्षांच्या हाती, १५ |
| १३ | ऑगस्ट १९५६ | द्वैभाषिक मुंबई राज्याचा संसदेत निर्णय | ११ आणि १२ मुळे केंद्रशासित मुंबई अशक्य, अनेक खासदारांनी सुचवलेला तोडगा | अहमदाबादेत उद्रेक, १४ |
| १४ | १ नोव्हेंबर १९५६ | द्वैभाषिक राज्य अस्तित्वात. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री | १३ | १५. बेळगाव-कारवार म्हैसूर राज्यात |

आठव्या ओळीच्या कारणात ‘७’ दिसतो. पहिल्यांदा तक्ता करताना ही चौकट बहुतेकांची रिकामी राहते, आणि या सगळ्या खटाटोपात मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट हीच. केंद्राने आयोग का नेमला? महाराष्ट्राच्या ओळींत वर जाऊन पाहा. दार आयोगाचा १० डिसेंबर १९४८ चा अहवाल भाषावार प्रांतांच्या विरुद्ध होता. जेव्हीपी समिती विरुद्ध होती. २८ सप्टेंबर १९५३ ला पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ आणि मराठवाड्याच्या नेत्यांनी नागपूर करार केला, पण तो मराठी नेत्यांचा आपसातला करार होता, दिल्लीला त्याने आयोग नेमायला भाग पाडले नाही. मग दोनदा नाही म्हणणारे सरकार तीन महिन्यांत आयोग का नेमते? महाराष्ट्राच्या ओळींत उत्तर नाही. ते मद्रासमध्ये आहे. स्वतंत्र आंध्र राज्यासाठी उपोषणाला बसलेले पोट्टी श्रीरामुलू १५ डिसेंबर १९५२ च्या रात्री वारले, तेलुगू भागात दंगली उसळल्या, चार दिवसांत नेहरूंनी आंध्र राज्याची घोषणा केली आणि १ ऑक्टोबर १९५३ ला ते राज्य अस्तित्वात आले. एका भाषेला राज्य दिल्यावर बाकीच्यांना नाही म्हणण्याचा आधार उरला नाही. आयोगाचे कारण हे.

रिकामी चौकट म्हणजे चूक नव्हे. पाठाने आपल्या प्रदेशाची गोष्ट सांगायला घेतली आणि बाहेरचे कारण त्या प्रदेशाच्या हद्दीपलीकडे राहिले, एवढेच ती सांगते. असे झाले की धड्याबाहेरची ओळ जोडावी आणि तिच्या क्रमांकाभोवती गोल करावा, म्हणजे ही आपण शोधून आणली हे कळेल. आंध्राच्या दोन ओळी, पाचवी आणि सातवी, अशा गोलातल्या आहेत. उलट चौकट भरायचीच म्हणून वरच्या ओळीतले नागपूर कराराचे नाव तिथे ओढून आणले, तर तक्ता पूर्ण दिसेल आणि चुकीचा असेल. शिक्षकांनी वहीत गुण देताना रिकामी चौकट आणि गोलातली ओळ या दोन्हींना चांगले गुण द्यावेत, असे मला मनापासून वाटते.

परिणामाचा रकाना वरून खाली येताना सोपा वाटतो, पण त्याची फसगत निराळी आहे. एका घटनेला दोन विरुद्ध दिशांचे परिणाम असतात आणि पाठ त्यातला एकच सांगतो. तेराव्या ओळीत ती जागा आहे. द्वैभाषिक राज्याने मराठी माणूस नाराज झाला, हे पाठात येतेच. पण गुजराती भाषकांनाही ते राज्य नको होते. ८ ऑगस्ट १९५६ ला अहमदाबादेत काँग्रेस भवनापाशी विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला आणि इंदुलाल याज्ञिकांच्या नेतृत्वाखाली महागुजरातची चळवळ उभी राहिली. ही बाजू परिणामाच्या रकान्यात लिहिली नाही, तर १ मे १९६० च्या ओळीचे कारण अर्धेच राहते. द्वैभाषिक राज्य दोन्ही बाजूंना नको होते, म्हणूनच ते मोडले. एकट्या मराठी आंदोलनाने ते मोडले असे लिहिणे मोहाचे आहे, पण दोन्ही बाजू मांडल्याशिवाय १ मेला एकाच दिवशी दोन राज्ये का जन्मली हे कळत नाही.

निवडणुकीच्या पंधराव्या ओळीतही परिणाम घाईने लिहिला जातो. फेब्रुवारी-मार्च १९५७ च्या निवडणुकीत समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जबर तडाखा दिला. विद्यार्थी पुढे लिहितात: काँग्रेसचा पराभव, समितीचे सरकार. पण द्वैभाषिक राज्याच्या विधानसभेच्या ३९६ पैकी २३४ जागा काँग्रेसला मिळाल्या आणि यशवंतराव चव्हाणांचे सरकार टिकले, कारण विदर्भ, मराठवाडा आणि गुजरातमधून काँग्रेसला पुरेशा जागा आल्या. म्हणजे परिणाम दोन: सरकार राहिले आणि ज्या प्रदेशातले मुख्यमंत्री होते तिथेच पक्षाचा पाया हलला. राज्य मोडण्याकडे काँग्रेस वळली ती या दुसऱ्या परिणामामुळे. ३० नोव्हेंबर १९५७ ला प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण करायला नेहरू आले, तेव्हा वाटेवर हजारो लोकांनी काळे झेंडे घेऊन जी निदर्शने केली, ती सोळावी ओळ. तिने दिल्लीच्या डोळ्यांसमोर तोच हललेला पाया आणून उभा केला. तिला एकटीला १९६० चे कारण म्हणू नये, पण पंधराव्या ओळीला पुढे नेणारी म्हणून तिचा क्रमांक शेवटच्या चौकटीत हवाच.

शेवटच्या, सतराव्या ओळीचे कारण म्हणून मग १३, १५ आणि १६ असे तीन क्रमांक येतात. आणि दूरच्या परिणामांसाठी परिणामाच्या चौकटीत एक आडवी तुटक रेघ ओढून तिच्याखाली जागा ठेवावी: रेघेवर वर्षभरातले, रेघेखाली त्यानंतरचे. नागपूर कराराच्या सहाव्या ओळीत हे फार उघड दिसते. रेघेवर लिहायचे, विदर्भ-मराठवाडा संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूला आले. रेघेखाली लिहायचे, १९६० पासून विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपूरला. आणि विकासातल्या समतोलाची जी हमी करारात होती, तिचा धागा पुढे राज्यघटनेच्या ३७१ (२) कलमाखाली १९९४ मध्ये स्थापन झालेल्या विकास मंडळांपर्यंत जातो. रेघ नसेल तर १९५३ च्या ओळीत १९९४ ची गोष्ट शेजारी-शेजारी बसते आणि वाचणाऱ्याला एकेचाळीस वर्षांचे अंतर दिसतच नाही.

सीमेच्या प्रश्नाने ही रेघ किती महत्त्वाची आहे ते कळते. बेळगाव महाराष्ट्रात का नाही, असे विचारले की जवळजवळ सगळे उत्तर १ मे १९६० च्या ओळीतून देतात: महाराष्ट्र झाला तेव्हा बेळगाव राहून गेले. तक्त्यात पाहिले तर चौदावी ओळ बोट दाखवते. बेळगाव आणि कारवार म्हैसूर राज्यात गेले ते १ नोव्हेंबर १९५६ ला, राज्य पुनर्रचना कायदा लागू झाला त्या दिवशी. १९६० ला दक्षिणेची सीमा हललीच नाही. तेव्हा ठरली ती उत्तरेची, आणि डांग गुजरातमध्ये गेले. बेळगावचा प्रश्न चौदाव्या ओळीच्या रेघेखाली जातो, डांगचा सतराव्या ओळीच्या रेघेवर. १९६६ चा महाजन आयोग आणि २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा हे दोन्ही चौदाव्या ओळीचेच दूरचे परिणाम आहेत. दोन सीमा, दोन कायदे, दोन तारखा; पाठाच्या गोष्टीत त्या सहज एक होऊन जातात.

तक्ता पूर्ण झाल्यावर तो वापरायचा कसा, एवढे सांगून थांबतो. परीक्षेत ‘सकारण स्पष्ट करा’ असा प्रश्न येतो, उदाहरणार्थ ‘द्वैभाषिक मुंबई राज्य टिकले नाही’. तक्त्यात सतरावी ओळ शोधायची. तिच्या कारणात १३, १५, १६ आहेत. त्या तीन ओळी काढून त्यांचे परिणामाचे रकाने वाचायचे: तेराव्या ओळीतला अहमदाबादचा उद्रेक, पंधराव्या ओळीतला पश्चिम महाराष्ट्रातला पाया हलल्याचा उल्लेख, सोळाव्यातली प्रतापगडची निदर्शने. तीन मुद्दे आयते मिळाले, तिन्हींना तारखा आहेत, आणि ते कोणत्या क्रमाने लिहायचे हेही ठरलेले आहे. ‘परिणाम लिहा’ असा प्रश्न आला तर हेच उलट दिशेने करायचे: दिलेल्या घटनेचा क्रमांक कारणाच्या रकान्यात कुठे-कुठे आला आहे ते शोधायचे. १६ जानेवारीच्या घोषणेचा, म्हणजे ११ चा, क्रमांक बाराव्या आणि तेराव्या ओळीत सापडेल. समितीची स्थापना आणि केंद्रशासित मुंबईचा बेत सोडून द्वैभाषिक राज्याचा निर्णय. फ्लोरा फाउंटनचा १० मात्र अकराव्या ओळीच्या कारणात कुठेही सापडणार नाही.